दहा घरांचं उत्पन्न, एक वक्र आणि एक आकडा: विषमता मोजायची कशी आणि बदल वाचायचा कसा

दहा घरं घेऊ. नागपुरातल्याच एखाद्या मोठ्या प्रभागातली, जिथे झोपडपट्टीही आहे, जुनी चाळही आहे आणि नवी फ्लॅट स्कीमही. या लेखातली घरं आणि त्यांचे रुपये हिशोब कळावा म्हणून मी बसवलेले आहेत, कुठल्या सर्वेक्षणातून घेतलेले नाहीत. पण रीत अगदी तीच आहे जी हजारो घरांच्या आकडेवारीला लावतात. दहा घरांवर ती एकदा हाताने करून पाहिली, की कुठल्याही अहवालातला ‘गिनी गुणांक’, म्हणजे विषमता एका आकड्यात सांगणारं माप, वाचताना तो नेमकं काय सांगतो आणि काय दडवतो, हे दिसायला लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गुणांक एकटा वाचू नये. तो ज्या वक्रातून निघतो तो लॉरेन्झ वक्र शेजारी ठेवूनच वाचावा. कारण गुणांक खाली आला म्हणजे गरिबाचा वाटा वाढला असं होतंच असं नाही, आणि पुढे आपण असं एक उदाहरण सोडवणार आहोत ज्यात गुणांक सुधारतो आणि सगळ्यात गरीब घर मात्र आणखी खाली जातं.

आधी उत्पन्न म्हणजे काय ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो. पगारदार माणसाला ‘महिन्याचं उत्पन्न किती’ विचारलं की उत्तर मिळतं. बाकीच्यांचं तसं नसतं. सीताबर्डीवर भाड्याची इ-रिक्षा चालवणारा भाऊ तुम्हाला सरळ म्हणेल, “कमाई किती हे नका विचारू भाऊ, हातात किती राह्यते ते विचारा.” आणि त्याचं बरोबर आहे. त्याला तीन प्रश्न विचारा: रोज गाडीवर किती जमतात, मालकाला रोज किती द्यावे लागतात, आणि महिन्यातून किती दिवस गाडी निघते. समजा रोज १,२०० जमतात, त्यातले ४०० मालकाला जातात (चार्जिंग त्यातच), आणि २५ दिवस गाडी चालते. तर जमा ३०,००० ची दिसते, पण उत्पन्न २०,००० चं आहे. आपल्या तक्त्यात २०,००० लिहायचे. किराणा दुकानदाराचंही असंच. गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे, माल, भाडं, वीज वजा करून जे उरतं ते.

शेतीचं घर असेल तर महिन्याचा प्रश्न विचारूच नका. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराला पैसा वर्षातून एकदा-दोनदा, बहार निघतो तेव्हा येतो. ज्या महिन्यात बाग विकली त्या महिन्यात विचारलं तर तो लखपती दिसतो, इतर महिन्यांत शून्य. असे दहा शेतकरी वेगवेगळ्या महिन्यांत गाठले तर नुसत्या प्रश्नाच्या चुकीमुळे भयंकर विषमता दिसेल. म्हणून बारा महिन्यांची आवक घ्या, त्यातून खत, फवारणी, पाणी, मजुरी वजा करा आणि हवं तर मग बाराने भागा. गारपिटीच्या वर्षी हे उत्तर उणे येऊ शकतं. उणे आकडा गुपचूप शून्य करून टाकू नका. तो ठेवला तर वक्राची सुरुवात तळरेषेच्या खाली जाते आणि गुणांकाचा ० ते १ हा नेहमीचा आवाका मोडू शकतो. तेव्हा दोन्ही हिशोब करा, एकदा ठेवून आणि एकदा काढून, आणि दोन्ही उत्तरं लिहा.

दुसरा निर्णय: मोजमाप घराचं की माणसाचं? एका घरात महिन्याला ५०,००० येतात आणि खाणारी माणसं सहा. दुसऱ्या घरात एकटी बाई, तिचे १०,०००. घर हे एकक धरलं तर पहिलं घर पाचपट श्रीमंत. डोईमागे भागलं तर पहिल्या घरात ८,३३३ येतात आणि एकट्या बाईचे १०,०००, म्हणजे क्रमच उलटला! पण सहा जणांना सहा स्वयंपाकघरं लागत नाहीत, भाडंही सहापट लागत नाही. म्हणून एक मधला मार्ग बराच वापरतात: माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. सहाचं वर्गमूळ सुमारे २.४५, तर पहिल्या घराचे २०,४०० च्या आसपास होतात आणि ते पुन्हा वर जातं. यातलं कुठलंही एक निवडा, पण एकदा निवडलं की सगळ्या वर्षांना तेच लावा. एका वर्षी घरामागे आणि दुसऱ्या वर्षी डोईमागे मोजून केलेली तुलना फेकून देण्याच्या लायकीची असते.

डोईमागे मोजणार असाल तर भागाकारानंतर घरं पुन्हा क्रमाने लावावी लागतात, आणि सहा माणसांचं घर यादीत सहा वेळा मोजावं लागतं. घराच्या एकूण उत्पन्नाचा जुना क्रम तसाच ठेवून डोईमागचे आकडे जोडत गेलात, तर निघतो तो वेगळाच वक्र असतो. ओळखायची खूण सोपी आहे. खरा लॉरेन्झ वक्र डावीकडून उजवीकडे सतत चढता-चढता जास्त उभा होत जातो. मध्येच तो आधीपेक्षा आडवा झाला, तर क्रम चुकला आहे.

पुढचं सगळं उदाहरण मी सोपेपणासाठी घर हे एकक धरून करतो.

क्रम लावा, बेरीज करत जा

घरं कमी उत्पन्नाकडून जास्तीकडे लावायची. मग प्रत्येक ओळीला ‘इथपर्यंतच्या सगळ्या घरांचं मिळून किती’ हे लिहायचं आणि एकूण उत्पन्नाशी त्याचा टक्का काढायचा. आपल्या दहा घरांचं एकूण महिन्याचं उत्पन्न बरोबर चार लाख आहे, त्यामुळे टक्के डोक्यातही निघतील.

| क्रम | घर | उत्पन्न (हजार रु.) | इथपर्यंतची बेरीज | एकूणात वाटा (%) |
|---|---|---|---|---|
| १ | धुणीभांडी करणारी एकटी बाई | १० | १० | २.५ |
| २ | हातगाडीवर फळं विकणारे | १४ | २४ | ६ |
| ३ | कळमना मार्केटमधला हमाल | १६ | ४० | १० |
| ४ | भाड्याची इ-रिक्षा | २० | ६० | १५ |
| ५ | सिक्युरिटी गार्ड, बायकोचे डबे | २४ | ८४ | २१ |
| ६ | हिंगणा एमआयडीसीतला कामगार | ३० | ११४ | २८.५ |
| ७ | किराणा दुकान | ३६ | १५० | ३७.५ |
| ८ | शिक्षक, एकत्र कुटुंब | ५० | २०० | ५० |
| ९ | बँकेतली नोकरी | ७० | २७० | ६७.५ |
| १० | मिहानमधलं नोकरदार जोडपं | १३० | ४०० | १०० |

शेवटचा स्तंभ म्हणजेच संचयी वाटा. त्यातली एक ओळ नीट वाचा. चौथ्या ओळीत १५ आहे, म्हणजे खालच्या ४० टक्के घरांकडे मिळून एकूण उत्पन्नाचा १५ टक्के वाटा आहे. आठव्या ओळीत ५० आहे, म्हणजे खालच्या ८० टक्के घरांना मिळून अर्धं, आणि वरच्या दोन घरांना उरलेलं अर्धं.

आता आलेखाचा कागद घ्या. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर उंच चौकोन काढा. आडव्या बाजूला घरांचे टक्के, उभ्या बाजूला उत्पन्नाचे टक्के, एक सेंटिमीटर म्हणजे १० टक्के. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सरळ रेषा ओढा. ही समतेची रेषा. सगळ्यांना सारखं मिळत असतं तर खालच्या ४० टक्क्यांकडे बरोबर ४० टक्के असते आणि सगळे बिंदू या रेषेवरच पडले असते. मग आपले बिंदू मांडा: १० वर २.५, २० वर ६, ३० वर १०, असे शेवटपर्यंत, आणि ते जोडा. तिरक्या रेषेखाली ढिल्या दोरीसारखी झोळ पडलेली रेघ दिसेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये संपत्तीचं केंद्रीकरण दाखवायला ही आकृती मांडली, म्हणून तिला लॉरेन्झ वक्र म्हणतात.

वक्रावरून दोन गोष्टी लगेच वाचता येतात. पहिली उभेपणाची. वक्राचा एखादा तुकडा तिरक्या रेषेपेक्षा आडवा असेल, तर त्या घराचं उत्पन्न सरासरीपेक्षा कमी. जास्त उभा असेल तर सरासरीपेक्षा जास्त. आपली सरासरी ४०,००० आहे. सातव्या घरापर्यंत सगळे तुकडे आडवे, आठव्यापासून उभे. म्हणजे दहापैकी सात घरं ‘सरासरी’ उत्पन्नाच्या खाली आहेत. ‘या प्रभागातलं सरासरी घर महिन्याला चाळीस हजार कमावतं’ हे वाक्य किती फसवं आहे, ते इथे एका नजरेत कळतं.

दुसरी गोष्ट, वक्र आणि तिरकी रेषा यांच्यातलं सगळ्यात मोठं उभं अंतर. ते नेहमी सरासरीच्या जागीच पडतं. इथे ते ७० टक्क्यांवर आहे: ७० वजा ३७.५, म्हणजे ३२.५. सगळ्यांना सारखं करायचं असेल तर एकूण उत्पन्नातला एवढा भाग वरून खाली न्यावा लागेल. ताळा करून पाहा: वरची तीन घरं सरासरीपेक्षा १०, ३० आणि ९० हजारांनी पुढे आहेत, बेरीज १,३०,०००, आणि चार लाखांचे ३२.५ टक्केही १,३०,००० च. लोकांना समजावून सांगायला मला हा आकडा गिनीपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण तो सरळ रुपयांत बोलतो.

वक्रातून गुणांक

इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो गिनी यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक म्हणजे झोळीचं क्षेत्रफळ भागिले तिरक्या रेषेखालच्या पूर्ण त्रिकोणाचं क्षेत्रफळ. झोळ नसली की ०. सगळं उत्पन्न एकाच घराकडे असलं की जवळजवळ १.

हाताने काढायला क्षेत्रफळ मोजायची गरज नाही. शेवटच्या स्तंभातले दहाही वाटे जोडा: बेरीज ३३८ येते. शेवटचे १०० सोडून पुन्हा जोडा: २३८. दोन्ही मिळून ५७६. घरं दहा, म्हणून दहाने भागा: ५७.६ टक्के, म्हणजे ०.५७६. हे १ मधून वजा करा.

१ − ०.५७६ = ०.४२४

हा आपल्या दहा घरांचा गिनी गुणांक. संगणकावर करायचं असेल तर उत्पन्न A2 ते A11 या खान्यांत चढत्या क्रमाने ठेवा. संचयी वाट्यासाठी B2 मध्ये पहिलं सूत्र लिहून खाली ओढा, आणि गुणांकासाठी कुठल्याही मोकळ्या खान्यात दुसरं लिहा.

```
=SUM(A$2:A2)/SUM(A$2:A$11)

=2*SUMPRODUCT(A2:A11,ROW(A2:A11)-1)/(COUNT(A2:A11)*SUM(A2:A11))-(COUNT(A2:A11)+1)/COUNT(A2:A11)
```

दुसऱ्या सूत्रातला `ROW(A2:A11)-1` हा भाग घराचा क्रमांक मोजतो. यादी दुसऱ्या ओळीऐवजी पाचव्या ओळीपासून सुरू केलीत तर तिथे `-4` हवं, नाहीतर उत्तर मुकाट्याने चुकतं. यादी क्रमाने लावायची राहिली तरी सूत्र तक्रार करत नाही, फक्त खोटं उत्तर देतं. म्हणून वर हाताने केलेल्या पद्धतीने एकदा पडताळून बघाच.

०.४२४ चा अर्थ काय? दहा घरांच्या दहा चिठ्ठ्या एका डब्यात टाका. एक काढा, उत्पन्न लिहा, चिठ्ठी परत टाका, दुसरी काढा, दोन्हींतला फरक लिहा. असं पुष्कळदा केलं तर फरकाची सरासरी येईल: २ × ०.४२४ × सरासरी ४०,०००, म्हणजे ३३,९२०. सहज भेटलेल्या दोन घरांत महिन्याला सुमारे चौतीस हजारांचं अंतर, हेच ०.४२४ म्हणतो.

याच चिठ्ठ्यांतून एक बारीक दुरुस्तीही समजते. चिठ्ठी परत टाकल्यामुळे कधीकधी तेच घर दोनदा निघतं आणि फरक शून्य येतो. घरं थोडी असली की असं वारंवार होतं आणि गुणांक कमी दिसतो. म्हणून लहान नमुन्यात उत्तराला घरांच्या संख्येने गुणून एक कमी संख्येने भागतात: ०.४२४ × १० ÷ ९, म्हणजे ०.४७. हजार घरांत हा फरक नगण्य असतो. पण एका गल्लीतल्या पंधरा घरांची दुसऱ्या गल्लीतल्या साठ घरांशी तुलना करत असाल, तर ही दुरुस्ती दोन्हीकडे केल्याशिवाय बोलू नका.

आता आकडे हलवून बघू

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एकेक बदल करू आणि वक्राकडे बघू.

सगळ्यांचं उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं. वक्र जागचा हलत नाही, गुणांक ०.४२४ च राहतो. पण बाईला १,००० जास्त मिळाले आणि मिहानच्या जोडप्याला १३,०००. रुपयांतलं अंतर वाढलं, वाट्यातलं नाही. गिनी फक्त वाटे बघतो, रुपये बघत नाही. म्हणून महागाईने सगळ्यांचे आकडे सारख्या प्रमाणात फुगले तरी तो हलत नाही, हा त्याचा गुण. आणि दोन घरांतली खरी दरी रुंदावली तरी तो सांगत नाही, ही त्याची मर्यादा.

आता प्रत्येक घराला सारखे २,००० मिळाले, एखाद्या योजनेतून खात्यात जमा होतात तसे. बाईसाठी ही २० टक्के वाढ आहे, जोडप्यासाठी दीड टक्काच. वक्र सगळीकडे थोडा वर उचलला जातो आणि गुणांक ०.४०४ होतो.

तिसरा बदल: फक्त मिहानच्या घराचं उत्पन्न १,३०,००० वरून १,७०,००० झालं, बाकी कुणाचा रुपयाही कमी झाला नाही. गुणांक ०.४६७ वर जातो. खालच्या चार घरांचा वाटा १५ टक्क्यांवरून १३.६ वर उतरतो, जरी त्यांच्या हातात आधीइतकेच ६०,००० आहेत. ‘गरिबांचा वाटा घटला’ हे वाचून ‘गरीब आणखी गरीब झाले’ असं लिहिणारे बरेच असतात. ती दोन वेगळी विधानं आहेत. वाटा घटला का हे वक्र सांगेल. रुपये घटले का, हे बघायला उत्पन्नाचा मूळ स्तंभ, महागाई वजा करून, स्वतंत्रच बघावा लागतो.

या तिन्ही उदाहरणांत वक्र एक तर जागेवर राहिला, नाहीतर सबंधच्या सबंध एका बाजूला सरकला. चौथं उदाहरण तसं नाही. समजा वर्षभरात असं झालं: बाईची दोन कामं सुटली आणि तिचे १०,००० चे ८,००० झाले. मिहानच्या घराचे १,३०,००० वरून १,२०,००० झाले. हिंगण्याच्या कामगाराचे ३०,००० चे ३४,००० आणि किराणावाल्याचे ३६,००० चे ४४,००० झाले. एकूण अजून चार लाखच. नवे संचयी वाटे असे:

२, ५.५, ९.५, १४.५, २०.५, २९, ४०, ५२.५, ७०, १००

जोडून बघा: ३४३.५ अधिक २४३.५, म्हणजे ५८७. गुणांक १ − ०.५८७ = ०.४१३. आधी ०.४२४ होता, आता ०.४१३. अहवालात ओळ येईल, ‘विषमता घटली’. पण नवा वक्र जुन्या कागदावर वेगळ्या रंगाने काढा. पहिल्या पाच बिंदूंवर तो जुन्याच्या खाली आहे, सहाव्यापासून वर. दोन वक्रांनी ५० आणि ६० टक्क्यांच्या मध्ये एकमेकांना छेदलं आहे. खालच्या अर्ध्या घरांचा एकत्रित वाटा घटला, सगळ्यात गरीब घराचा तर पाचवा हिस्सा गेला, आणि फायदा झाला तो मधल्यांचा.

गुणांक असा का वागतो? कारण तो रुपयाला क्रमांकाचं वजन लावतो. दहाव्या क्रमांकाकडून सातव्याकडे गेलेले रुपये तीन पायऱ्या उतरतात, आणि गुणांकावरचा परिणाम रक्कम गुणिले पायऱ्या या हिशोबानेच होतो. ती पायरी गरिबाच्या घराची आहे की मध्यमवर्गीयाच्या, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळ्यात तळच्या घराचे २,००० गेले याचं त्याच्या लेखी फारसं वजन नाही, कारण रक्कम लहान आहे. त्या बाईच्या लेखी तो पाचवा हिस्सा आहे.

यावर ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी १९७० मध्ये फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. सरासरी सारखी असलेले दोन वक्र एकमेकांना छेदत नसतील, एक सबंध दुसऱ्याच्या वर असेल, तर कुठलाही रास्त मापदंड घेतला तरी वरचा वक्र जास्त समान ठरतो. ‘रास्त’ म्हणजे श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा गेला की विषमता कमी झाली असं मानणारा. वक्र छेदत असतील, तर मात्र निकाल मापदंडावर ठरतो: तळाच्या घरांना जास्त वजन देणारा एक सांगेल, मधल्यांना जास्त वजन देणारा दुसरं. म्हणजे छेदणाऱ्या वक्रांत ‘विषमता वाढली की घटली’ याचं उत्तर गणित देत नाही, ते आपल्याला कुणाची काळजी जास्त आहे यावर ठरतं. आणि ती निवड उघडपणे लिहिली पाहिजे, गुणांकाआड लपवू नये. व्यवहारात मी गुणांकाच्या शेजारी खालच्या ४० टक्क्यांचा वाटा आणि वरच्या १० टक्क्यांचा वाटा, एवढे दोन आकडे तरी नक्की मागतो. वरच्या उदाहरणात ते १५ वरून १४.५ आणि ३२.५ वरून ३० झाले. दोन्ही टोकं घसरली, हे लगेच कळतं.

जिथे हिशोब बरोबर असूनही उत्तर चुकतं

सिव्हिल लाइन्स किंवा रामदासपेठेत सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन फिरलेल्यांना विचारा. फाटकावरचा गार्ड म्हणतो, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा जा, पुन्हा नाहीत. वस्तीत मात्र लोक पाणी विचारतात, बसवतात आणि सगळं सांगतात. याचा परिणाम किती होतो ते आपल्या तक्त्यावर बघा. दहावं घर भेटलंच नाही असं समजा आणि उरलेल्या नऊ घरांचा गुणांक काढा: ०.४२४ चा ०.३२८ होतो. एक दार बंद राहिलं आणि जवळपास पाव विषमता नाहीशी झाली. खऱ्या सर्वेक्षणात घरं पुष्कळ असल्याने एका घराने इतका फरक पडत नाही, पण दिशा बहुतेकदा हीच असते. म्हणून किती घरांनी उत्तर दिलं हे वस्तीनिहाय लिहून ठेवा. श्रीमंत वस्त्यांत नकार जास्त असतील, तर तुमचा गुणांक ही बहुधा खालची मर्यादा आहे असं स्पष्ट सांगा. आणि बंद दारामागच्या घराऐवजी शेजारचं उघडं दार गाठून आकडा भरू नका, त्याने चूक लपते, सुधारत नाही.

दुसरी गळती गटांमुळे होते. मूळ यादी न देता पाच गटांचे वाटेच छापलेले असतात. आपल्या दहा घरांचे दोन-दोनचे पाच गट केले तर संचयी वाटे ६, १५, २८.५, ५० आणि १०० होतात आणि गुणांक ०.४०२ निघतो. गटाच्या आत सगळे सारखे आहेत असं आपण धरलं, म्हणून आतली विषमता, मुख्यतः ७० आणि १३० मधली, हिशोबातून गळली. पाच गटांवरून काढलेला एका वर्षाचा आकडा आणि सुट्या घरांवरून काढलेला दुसऱ्या वर्षाचा, यांची तुलना केली तर विषमता वाढल्याचा निव्वळ भास होईल.

तिसरी गोष्ट भारताच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ घालते: मोजलं काय आहे, उत्पन्न की खर्च? सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागाचा गुणांक २०२२-२३ मध्ये ०.३१४ होता तो २०२३-२४ मध्ये ०.२८४ झाला, आणि ग्रामीण भागाचा ०.२६६ वरून ०.२३७. हे खर्चाचे आकडे आहेत. आपल्या तक्त्यातली बाई दहा हजारांतले सगळेच खर्च करते, वर उधारीही असते. मिहानचं जोडपं एक लाख तीस हजारांतले बरेचसे बाजूला टाकतं, फ्लॅटचा हप्ता भरतं, म्युच्युअल फंडात घालतं. खर्चाचा वक्र त्यामुळे उत्पन्नाच्या वक्रापेक्षा बहुतेक नेहमीच तिरक्या रेषेच्या जवळ असतो. जागतिक बँकेने २०२२-२३ साठी भारताचा खर्चावर आधारलेला आकडा २५.५ दिला (तिथे १०० पैकी लिहितात, म्हणजे ०.२५५), तर वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसच्या अंदाजात उत्पन्नाचा आकडा २०२३ साठी ६२ आहे. हे दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत, कारण त्यांनी वेगवेगळी गोष्ट मोजली आहे. चूक होते ती भारताचा खर्चाचा आकडा दुसऱ्या देशाच्या उत्पन्नाच्या आकड्याशेजारी ठेवून क्रमवारी लावण्यात.

दोन वर्षांची तुलना करताना

आपला प्रभाग तुम्ही २०० घरांच्या नमुन्यावर मोजला आणि पुढच्या वर्षी पुन्हा वेगळी २०० घरं घेतली, तर काहीही बदललं नसलं तरी गुणांक थोडा वेगळा येणारच. फरक खरा आहे की निव्वळ चिठ्ठीचा, हे तपासायला पुन्हा तोच डबा वापरा. पहिल्या वर्षीच्या २०० चिठ्ठ्यांतून प्रत्येक वेळी परत टाकत २०० चिठ्ठ्या काढा, गुणांक काढा, लिहून ठेवा. संगणकाकडून हे हजार वेळा करून घ्या. आलेले हजार गुणांक क्रमाने लावून दोन्ही टोकांचे २५-२५ सोडा, उरतो तो पट्टा. दुसऱ्या वर्षीचंही तसंच करा. मग दर वेळी दोन वर्षांच्या गुणांकांतला फरक घेऊन त्या हजार फरकांचाही पट्टा काढा. त्यात शून्य येत असेल, तर गुणांक हलला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हीच कसरत गुणांकाऐवजी खालच्या ४० टक्क्यांच्या वाट्यावर आणि वरच्या १० टक्क्यांच्या वाट्यावरही करा. पुष्कळदा असं दिसतं की वरच्या टोकाचा पट्टा फार रुंद आहे, कारण तो नमुन्यात आलेल्या मोजक्या श्रीमंत घरांवर टेकलेला असतो, आणि खालच्या टोकाचा अरुंद. तेव्हा गुणांकाच्या बदलाबद्दल गप्प राहावं लागलं, तरी तळच्या घरांचा वाटा घटला की वाढला हे तुम्ही ठामपणे लिहू शकता.